खारदांड्यातील घरगुती जलशुद्धीकरण

खारदांडा ही मुंबई उपनगर जिल्ह्यात, खार पश्चिमेला अरबी समुद्राच्या काठी वसलेली कोळी वस्ती आहे. येथील घरांत पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी प्रामुख्याने तीन प्रकारची साधने वापरली जातात: अतिनील किरणांवर चालणारे यंत्र (यूव्ही), गुरुत्वाकर्षणावर चालणारी गाळणी (ग्रॅव्हिटी फिल्टर) आणि व्यस्त परासरणावर चालणारे यंत्र (आरओ). बाजारात ही तीन साधने साधे, मध्यम आणि उत्तम अशा चढत्या क्रमाने मांडली जातात. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगवेगळी आहेत. अतिनील यंत्र जंतू निष्प्रभ करते, गाळणी गढूळपणा आणि मोठे जंतू अडवते, तर व्यस्त परासरण पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करते. त्यामुळे कोणते साधन योग्य, हे पाण्यात कोणता दोष आहे यावर ठरते. खारदांड्यात तलावाचे गोडे पाणी आणि समुद्रालगतच्या जमिनीतील मचूळ पाणी अशी दोन अगदी भिन्न पाणी शेजारी शेजारी आढळत असल्याने हा भेद तेथे विशेष स्पष्ट होतो.

## पाण्याचे स्रोत

मुंबई महापालिका शहराला तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून पाणी पुरवते. हे पाणी मुख्यतः भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत तुरटीसारखे रसायन घालून निवळले जाते, वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि त्यात क्लोरीन मिसळले जाते. खारदांडा महापालिकेच्या एच पश्चिम विभागात येतो. या भागाचे वितरण पाली हिल जलाशयातून होते.

तलावांतील पाणी हे पावसाचे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या खडकाळ आणि जंगली प्रदेशावरून वाहत आलेले पाणी असते. क्षार विरघळण्याइतका काळ ते जमिनीत मुरलेले नसते. म्हणून मुंबईच्या नळाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण (टीडीएस) सामान्यतः लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाने हे प्रमाण ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानले आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २,००० मिलिग्रॅमपर्यंतची मुभा आहे.

समुद्रालगतच्या विहिरी आणि बोअरवेल यांची स्थिती याच्या उलट असते. जमिनीतील गोडे पाणी खारट पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. उपसा वाढला की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर सरकते. असे पाणी मचूळ लागते, त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. ही चिन्हे तलावाच्या पाण्यात दिसत नाहीत.

## नळाच्या पाण्यातील दोष

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना पाणी पिण्यायोग्य असते. दोष निर्माण होतो तो पुढील प्रवासात. मुंबईतील बहुतेक भागांप्रमाणे येथेही पाणी दिवसातून काही तासच येते. नळाला पाणी असताना वाहिनीच्या आत दाब असतो. तिला बारीक चीर असली तर पाणी बाहेर झिरपते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद झाला की हा दाब नाहीसा होतो. जवळच गटार किंवा साचलेले पाणी असेल तर ते त्याच चिरेतून आत शिरू शकते. नळाला थेट पंप जोडून पाणी ओढले जाते तेव्हा वाहिनीतील दाब वातावरणाच्याही खाली जातो आणि हा धोका वाढतो. पुन्हा पुरवठा सुरू होतो तेव्हा आत शिरलेले पाणी सर्वांत आधी घरात येते. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे अखंड आणि खंडित पुरवठ्याची तुलना करणाऱ्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांत विष्ठाजन्य जंतू कितीतरी अधिक वेळा सापडले. पुरवठा सुरू होतानाचे पहिले पाणी आणि कमी दाबाच्या वेळचे पाणी अधिक दूषित असल्याचेही तेथे दिसून आले.

दुसरा दोष साठवणीचा आहे. पाणी काही तासच येत असल्याने ते पिंपात किंवा टाकीत भरून ठेवावे लागते. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन हळूहळू नाहीसा होतो. त्यानंतर त्यात तांब्या बुडवताना गेलेला हात किंवा उघड्या झाकणातून पडलेली घाण यांचे जंतू टिकून राहतात.

तलावाच्या पाण्यातील मुख्य दोष अशा रीतीने जंतूंचा आहे. पावसाळ्यात किंवा वाहिनीच्या दुरुस्तीनंतर त्यात गढूळपणाची भर पडते. क्षारांचा दोष त्यात नसतो.

## टीडीएस मापकाची मर्यादा

घरी पाणी तपासण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे पेनासारखा टीडीएस मापक. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तीवरून क्षारांचा अंदाज दाखवतो. जंतूंमुळे विद्युतवाहकता जाणवण्याइतकी बदलत नाही. म्हणून हा मापक पाणी सुरक्षित आहे की नाही हे सांगू शकत नाही. पुढील गणितावरून हे लक्षात येते.

नळाच्या पाण्याचा टीडीएस लिटरमागे ७० मिलिग्रॅम आहे आणि वाहिनीच्या चिरेतून ९९ लिटर पाण्यात १ लिटर सांडपाणी मिसळले, असे समजू. सांडपाण्याचा टीडीएस ७०० धरला, तर मिश्रणाचा टीडीएस सुमारे ७६ होतो. मापकावरचा हा सहाचा फरक रोजच्या चढउतारात सहज लपून जातो. परंतु कच्च्या सांडपाण्याच्या दर १०० मिलिलिटरमध्ये लाखो विष्ठाजन्य जंतू असतात. शंभरपट पातळ झाल्यानंतरही मिश्रणाच्या १०० मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या हजारोंच्या घरात राहते. आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये असा एकही जंतू आढळता कामा नये.

हेच गणित समुद्राच्या पाण्याचे केले तर उलट चित्र दिसते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात. नळाच्या ९९ लिटर पाण्यात १ लिटर समुद्राचे पाणी मिसळले तर टीडीएस ७० वरून सुमारे ४२० वर जातो. म्हणजे किनाऱ्यालगतच्या वस्तीत टीडीएस मापकाचा एक खरा उपयोग आहे. नेहमी ७० दाखवणाऱ्या नळाने एखाद्या दिवशी ३०० किंवा ४०० दाखवले, तर वाहिनी फुटून बाहेरचे खारे पाणी आत येत असावे असा संशय घेता येतो. ज्या चिरेतून खारे पाणी येते तिच्यातून घाणही येऊ शकते. मात्र आकडा नेहमीचाच दिसला म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही.

यंत्रांच्या विक्रीच्या वेळी कधीकधी पाण्यात दोन धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली जाते. नळाचे पाणी काही मिनिटांत तपकिरी-काळे होते, तर आरओचे पाणी जवळजवळ तसेच राहते. हा रंग पाण्यातील घाणीचा नसतो. वीज वाहू लागली की लोखंडी कांडी झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. क्षार कमी असलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून तेथे गंजही तयार होत नाही. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग केल्यास तेही तपकिरी होते.

## जंतुदोष ओळखण्याच्या चाचण्या

नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे ऑर्थोटोलिडीन म्हणजेच ओटी चाचणीने पाहता येते. पाण्याच्या नमुन्यात या द्रावणाचे काही थेंब टाकल्यावर क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. रंग जितका गडद, तितका क्लोरीन अधिक. मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. चाचणी केलेले पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही.

विष्ठाजन्य दूषितता ओळखण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणी सोपी आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीतील रसायनयुक्त पट्टीवर पाणी भरून ती बाटली उबदार जागी ठेवतात. आतड्यांतील जंतूंबरोबर आढळणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि पाणी काळे पडते. २४ ते ४८ तासांत काळे पडलेले पाणी संशयित मानले जाते. मात्र पाणी काळे पडले नाही म्हणून त्यात विषाणू नाहीत असे सिद्ध होत नाही. निश्चित निदानासाठी प्रयोगशाळेत जीवाणू तपासणी करावी लागते.

या दोन चाचण्या नळाच्या आणि पिंपाच्या पाण्यावर वेगवेगळ्या केल्यास दोष कोठे आहे हे कळते. नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे आणि पिंपाच्या पाण्यात नाही, शिवाय पिंपाची बाटली काळी पडते, असे आढळल्यास दोष साठवणीचा असतो. नळाच्याच पाण्यात क्लोरीन नाही आणि त्याचीच बाटली काळी पडते, तर दोष वाहिनीचा असतो.

## अतिनील यंत्र

या यंत्रात कमी दाबाच्या पारदवाफेचा दिवा असतो. तो मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण सोडतो. हे किरण जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याला इजा करतात आणि त्यांची वाढ थांबते. पाण्यात काहीही मिसळले जात नाही किंवा त्यातून काही काढलेही जात नाही. त्यामुळे पाण्याची चव आणि क्षार जसेच्या तसे राहतात. कावीळ पसरवणारे हिपॅटायटिस ए विषाणू गाळणीच्या बहुतेक छिद्रांतून निसटतात, पण योग्य मात्रेतील अतिनील किरणांनी ते निष्प्रभ होतात. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही या किरणांना लवकर बळी पडतो.

या पद्धतीच्या मर्यादा तिच्या कार्यपद्धतीतूनच येतात. किरण पोहोचले तरच जंतू निष्प्रभ होतात. गढूळ पाण्यात मातीचे कण जंतूंवर सावली धरतात, म्हणून दिव्यापूर्वी गाळणी असणे आवश्यक असते. वीज नसेल तर शुद्धीकरण होत नाही. पाण्यात क्लोरीनसारखा संरक्षक अंश मागे राहत नाही, त्यामुळे शुद्ध झालेले पाणी उघड्या भांड्यात ठेवल्यास ते पुन्हा दूषित होऊ शकते. दिव्याची निळसर चमक दिसत असली तरी तो काम करतोच असे नाही. जंतुनाशक किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते दृश्य चमकीच्या आधी क्षीण होतात. म्हणून दिवा विझण्याची वाट न पाहता उत्पादकाने सांगितलेले तास पूर्ण झाल्यावर तो बदलावा लागतो.

नळाला थेट जोडलेले अतिनील यंत्र दिवसातून काही तासच वापरता येते. खारदांड्यासारख्या ठिकाणी ते वरच्या टाकीला जोडणे किंवा स्वतःची साठवण असलेले यंत्र घेणे अधिक सोयीचे ठरते.

## गुरुत्व गाळणी

गुरुत्व गाळणीला वीज आणि नळाचा दाब दोन्ही लागत नाहीत. वरच्या भांड्यात हाताने ओतलेले पाणी गाळण घटकातून खालच्या भांड्यात उतरते. जुन्या स्टीलच्या फिल्टरमध्ये हा घटक म्हणजे चिनी मातीची पोकळ कँडल असते. नव्या गाळण्यांत अतिसूक्ष्म छिद्रांच्या पोकळ तंतूंचा पडदा (यूएफ) असतो. काही गाळण्यांत जंतुनाशकाचाही वापर होतो. २००९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ या गाळणीत भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवलेले होते.

चांगली कँडल गढूळपणा, परजीवी आणि बरेचसे जीवाणू अडवते. यूएफ पडदा जीवाणू अधिक खात्रीने अडवतो. विषाणू मात्र फारच लहान असतात. हिपॅटायटिस ए चा विषाणू सुमारे २७ नॅनोमीटरचा असतो आणि कँडलच्या छिद्रांतून तो सहज जातो. म्हणून केवळ गाळणाऱ्या साधनावर विसंबायचे असेल तर नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असणे महत्त्वाचे ठरते. विषाणूंचे काम क्लोरीन करतो, तर क्लोरीनला न जुमानणारे परजीवी गाळणी अडवते. कावीळ किंवा अतिसाराची साथ असताना गाळलेले पाणी उकळणे आवश्यक असते. पाण्याला खळखळून उकळी आल्यानंतर एक मिनिट ती टिकवल्यास जंतू, विषाणू आणि परजीवी सर्व मरतात.

कँडलची स्थिती तिच्या वेगावरून कळते. पाणी उतरण्याचा वेग हळूहळू कमी झाला तर छिद्रे गाळाने भरलेली असतात आणि कँडल मऊ ब्रशने घासून स्वच्छ करावी लागते. वेग अचानक वाढला तर ते सुधारणेचे लक्षण नसते. बहुधा कँडलला तडा गेलेला असतो किंवा तिच्या बुडाचे रबर सैल झालेले असते आणि पाणी न गाळताच खाली उतरत असते.

## व्यस्त परासरण यंत्र

परासरणात अर्धपार्य पडद्यातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूला जाते. खारट बाजूवर पुरेसा दाब दिल्यास हा प्रवाह उलटतो आणि पाणी पडद्यापलीकडे जाऊन क्षार मागे राहतात. घरगुती यंत्रात हा दाब विजेच्या पंपाने दिला जातो. चांगल्या स्थितीतील पडदा सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक क्षार अडवतो. फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक यांसारखे विरघळलेले पदार्थ कमी करण्याची क्षमता वरील दोन साधनांत नाही, ती या यंत्रात आहे.

अडवलेले क्षार पडद्यावर साचू नयेत म्हणून पाण्याचा मोठा भाग ते क्षार घेऊन सतत बाहेर सोडावा लागतो. साधारण घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना सुमारे तीन लिटर पाणी सोडते. पडद्याला क्लोरीनने इजा होते, म्हणून त्याआधी कार्बनच्या गाळणीने क्लोरीन काढला जातो. परिणामी यंत्राच्या टाकीतील पाण्याला क्लोरीनचे संरक्षण राहत नाही आणि टाकी वेळोवेळी स्वच्छ न केल्यास तिच्यात जीवाणू वाढू शकतात.

घरगुती यंत्र समुद्राचे पाणी गोडे करू शकत नाही. समुद्राच्या पाण्याचा प्रवाह उलटवण्यासाठीच वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट दाब लागतो आणि घरगुती पंप त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. अशी यंत्रे साधारणतः लिटरमागे २,००० मिलिग्रॅमपर्यंतच्या मचूळ पाण्यासाठी बनवलेली असतात.

या यंत्राची स्थिती टीडीएस मापकाने नेमकी कळते. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस मोजून घट किती टक्के आहे हे पाहिले जाते. पूर्वी ९० टक्के असलेली घट बरीच खाली आली तर पडदा निकामी होत असतो.

## दोन पाण्यांचे उदाहरण

पाच जणांच्या एका घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज २० लिटर शुद्ध पाणी लागते, असे समजू. पुढील आकडे दोन पाण्यांची तुलना करण्यासाठी घेतले आहेत.

पहिल्या स्थितीत घरात नळाचे पाणी येते आणि त्याचा टीडीएस ७० आहे. आरओ यंत्र बसवल्यास २० लिटर पाण्यासाठी ८० लिटर पाणी यंत्रात जाते आणि ६० लिटर बाहेर सोडले जाते. मिळालेल्या पाण्याचा टीडीएस ७ होतो, तर सोडलेल्या पाण्याचा सुमारे ९१. म्हणजे क्षारांच्या दृष्टीने मानकाच्या मर्यादेहून कितीतरी चांगले असलेले पाणी गटारात जाते. मुंबईत झोपडपट्टीतील पाणीपुरवठ्यासाठी दरडोई ४५ लिटर हे प्रमाण धरले जाते. त्यानुसार या घराचा रोजचा वाटा २२५ लिटर होतो आणि त्यातील चतुर्थांशाहून अधिक पाणी यंत्राच्या नळीतून निघून जाते. ७ टीडीएसचे पाणी बेचव लागते, म्हणून अशा यंत्रांत अनेकदा टीडीएस नियंत्रक बसवलेला असतो. हा नियंत्रक पडद्याला वळसा घालून काही पाणी तसेच पुढे सोडतो. त्या भागापुरते जंतू मारण्याचे काम यंत्रातील अतिनील दिव्यावर किंवा यूएफ पडद्यावर येते. म्हणजे जे साधन एकटे पुरेसे होते त्यावरच शेवटी विसंबावे लागते. या पाण्यासाठी गाळणी जोडलेले अतिनील यंत्र योग्य ठरते. विजेची किंवा जोडणीची सोय नसलेल्या घरात यूएफ गुरुत्व गाळणी आणि साथीच्या काळात उकळणे हा पर्याय आहे.

दुसऱ्या स्थितीत पिण्यासाठी बोअरवेलच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते आणि त्याचा टीडीएस १,५०० आहे. अतिनील यंत्रातून हे पाणी निर्जंतुक होऊन बाहेर येते, पण तितकेच मचूळ राहते. कँडलमधूनही क्षार तसेच खाली उतरतात. उकळल्याने पाण्याची वाफ होऊन उरलेले पाणी किंचित अधिक खारट होते. आरओ यंत्राने मात्र टीडीएस १५० पर्यंत खाली येतो. सोडलेल्या ६० लिटर पाण्याचा टीडीएस सुमारे १,९५० असतो. ते फरशी धुण्यास किंवा शौचालयासाठी वापरता येते. येथे पाण्याचा हा व्यय एका खऱ्या कामाची किंमत आहे.

दोन्ही स्रोत उपलब्ध असलेल्या घरात नळाचे पाणी पिण्यासाठी आणि बोअरवेलचे पाणी धुण्यासाठी वेगळे ठेवल्यास आरओची गरज उरत नाही. इमारतीच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होत असल्यास टीडीएस ऋतूनुसार बदलतो. त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी, टँकर आणि बोअरवेलचा वापर सर्वाधिक असताना केलेली मोजणी निर्णायक मानावी लागते.

## नियमन

राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये आरओ यंत्रांच्या वापराबाबत आदेश दिला. ज्या ठिकाणच्या पाण्याचा टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथे आरओ यंत्रांवर बंदी घालावी आणि जेथे ती आवश्यक आहेत तेथे किमान ६० टक्के पाणी वापरण्यायोग्य मिळावे, असे लवादाने पर्यावरण मंत्रालयाला सांगितले. मुंबईच्या नळाचे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली आहे.

## कोणतेही यंत्र पुरेसे नसलेली स्थिती

नळातून दुर्गंधीयुक्त, काळसर किंवा फेसाळ पाणी येऊ लागल्यास वाहिनीत सांडपाणी शिरलेले असते. अशा पाण्यातील सेंद्रिय घाण आणि गढूळपणामुळे अतिनील किरणे अडतात, कँडल लवकर तुंबते आणि आरओचा पडदा खराब होतो. हे पाणी घरगुती यंत्रातून काढून पिणे सुरक्षित नसते. महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे तक्रार करून गळती शोधली जाईपर्यंत पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताचे उकळलेले पाणी वापरावे लागते. एकाच गल्लीतील कोणत्या घरांपासून पाणी खराब येते याची नोंद तक्रारीत दिल्यास गळतीची जागा शोधणे सोपे होते, कारण दोष बहुधा शेवटचे चांगले पाणी येणारे घर आणि पहिले खराब पाणी येणारे घर यांच्या मधल्या वाहिनीत असतो. दुरुस्तीनंतर पहिले पाणी सोडून देऊन, पिंप आणि टाकी घासून धुऊन मगच यंत्र पुन्हा सुरू केले जाते.

शुद्ध झालेले पाणी घट्ट झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात ठेवल्यास त्यात हात किंवा तांब्या बुडत नाही. ज्या घरात नळाची बाटली स्वच्छ राहते आणि पिंपाची काळी पडते, तेथे नवे यंत्र घेण्याआधी हा बदल करून चाचणी पुन्हा घेतली जाते.